नवीन लाइन बसवताना बुडणारं उत्पादन प्रकल्पाच्या खर्चात धरायचं, पण किती?

पाटी_पेन्सिल

नमस्कार मंडळी. कंपनीच्या फायनान्स विभागात मी तसा नवाच आहे, आणि एका आकड्यावरून सध्या तिघांच्या कात्रीत सापडलो आहे.

आमच्याकडे लिक्विड साबण बाटल्यांत भरणाऱ्या दोन फिलिंग लाइन आहेत. पहिली जुनी झाली आहे, ती काढून त्याच जागी नवीन बसवायची आहे. नव्या लाइनची किंमत उभारणीसकट १८० लाख. तिच्यामुळे करानंतर वर्षाला ५५ लाख जास्त हातात येतील, असा पाच वर्षांचा अंदाज आहे. डिस्काउंट रेट १२ टक्के. एनपीव्ही, म्हणजे पुढचे सगळे पैसे आजच्या किमतीत आणून गुंतवणूक वजा केल्यावर उरणारी रक्कम, साधारण १८ लाख अधिक येतो.

जुनी उपटून नवी उभी करायला तीन आठवडे, म्हणजे कामाचे १८ दिवस लागतील. जुनी लाइन दिवसाला १,५०० खोकी भरते, म्हणजे २७,००० खोक्यांचा खड्डा. एक खोकं ५०० ला विकलं जातं. माल ३००, बाटली-टोपण-पुठ्ठा ४०, वीज-वाहतूक २०. त्यावर कॉस्टिंगवाले मजुरीचे ४५ आणि कारखान्याच्या इतर खर्चाचे ३५ लावतात. उरतात ६०.

आता मतं ऐका. प्रॉडक्शनचे साहेब म्हणतात, "१३५ लाखांची विक्री बुडणार, तेवढे लिही." कॉस्टिंगवाले म्हणतात, "बुडतो तो नफा. ६० गुणिले २७,०००, म्हणजे १६ लाख २० हजार." आणि माझे थेट वरिष्ठ म्हणतात, "जे पैसे आलेच नाहीत ते गेले कसे? शून्य धर." १३५, १६ आणि शून्य. पहिल्या आकड्याने प्रकल्प मरतो, तिसऱ्याने मजेत जगतो. खरा आकडा कोणता?

खतावणीकर

तुमचे वरिष्ठ चुकताहेत. उभारणीमुळे झालेलं नुकसान हा मालमत्ता वापरायोग्य करण्याचाच खर्च आहे. कंत्राटदाराचं बिल, पाया, वायरिंग जसं यंत्राच्या किमतीत जातं तसंच हेही. १६.२ लाख १८० मध्ये मिळवा, एकूण १९६.२ वर घसारा काढा, संपला विषय.

तिसरी_पाळी

खतावणीकर, मी हिशेबातली नाही, शॉपफ्लोअरवरची आहे. तरी एक शंका. बंद लाइनचा घसारा कसा काढतात? बुडालेल्या खोक्यांचं बिल कुणाच्या नावावर फाडणार?

बारा_महिने_बजेट

ताई, नेमकं बोट ठेवलंत. खतावणीकरांचं अर्धं बरोबर आहे. प्रकल्पाच्या हिशेबात हे नुकसान धरायचंच. पण मालमत्तेच्या किमतीत ते घालता येत नाही. आयएएस १६ या आंतरराष्ट्रीय हिशेब मानकात सुरुवातीचे परिचालन तोटेसुद्धा यंत्राच्या किमतीत धरू देत नाहीत, मग न झालेल्या विक्रीचा नफा तर दूरच. त्याची वहीत नोंदच होत नाही. त्या वर्षाचा नफा आपोआप कमी दिसतो, बस.

याचा कराशी थेट संबंध आहे. घसाऱ्याचा फायदा वर्षानुवर्षं तुकड्या-तुकड्यांनी मिळतो. इथे तसं नाही. नफा कमी झाला की त्या वर्षीचा करही तेवढाच कमी होतो. म्हणून बुडालेली रक्कम करानंतरची करून एकदाच लिहायची. अर्थात कंपनी मुळात नफ्यात असेल तर. तोट्यातल्या कंपनीला हा दिलासा तेव्हाच्या तेव्हा मिळत नाही.

आता मूळ प्रश्न. पाटी_पेन्सिल, तुमचे तिन्ही आकडे चुकीचे आहेत, आणि तिन्हींची चूक वेगळी आहे.

१३५ का नाही? खोकं भरलं नाही तर त्यातला माल, बाटली, पुठ्ठाही विकत घ्यावा लागत नाही. ३६० खिशातच राहतात.

१६.२ का नाही? लाइन बंद असली तरी पगार थांबत नाहीत. मजुरीचे ४५ आणि वरचे ३५ हे कॉस्टिंगने खोक्यावर वाटलेले आकडे आहेत. खोकं बनलं नाही म्हणून ते वाचत नाहीत. म्हणून बुडतात ते ५०० वजा ३६०, म्हणजे खोक्यामागे १४०. यालाच कॉन्ट्रिब्युशन म्हणतात. एक अट: तुमचे कामगार कायम आहेत ना? कंत्राटी असतील आणि त्या तीन आठवड्यांत त्यांना बोलावणारच नसाल, तर मजुरी खरंच वाचते आणि आकडा खाली येतो.

शून्य का नाही? 'जे आलं नाही ते गेलं नाही' हे खतावणीला लागू आहे, निर्णयाला नाही. निर्णय घेताना दोन कारखाने डोळ्यांपुढे ठेवायचे. एकात नवीन लाइन घेतली आहे, दुसऱ्यात नाही. दुसऱ्या कारखान्यात त्या तीन आठवड्यांत पैसे येत असतात, पहिल्यात येत नाहीत. हा फरक प्रकल्पामुळेच पडतो.

म्हणजे १४० गुणिले २७,०००, ३७.८ लाख. पण थांबा, हा आकडा लगेच शीटमध्ये टाकू नका. २७,००० वर माझा अजून विश्वास बसलेला नाही.

पाटी_पेन्सिल

कामगार सगळे कायम आहेत. त्या काळात त्यांना साफसफाई आणि रंगकाम देणार आहेत. पण २७,००० मध्ये काय खोट आहे? १८ गुणिले १,५०० सरळ आहे की.

छत्री_विसरलो

आमच्याकडे मागे आग लागून प्लँट बंद होता, तेव्हा विमा कंपनीने नफ्याच्या नुकसानीची भरपाई दिली होती. फक्त कागदपत्रं नीट ठेवा. पॉलिसीत ते कलम आहे का बघा, तुमचे ३७ लाख तिथूनच निघतील.

तिसरी_पाळी

अहो, तुमच्याकडे आग लागली होती. हे स्वतःच्या हाताने लाइन बंद करताहेत. विमेवाला हसेल.

छत्री_विसरलो

अरे हो, खरंच. घाईत वाचलं. असू दे, कुणाला तरी उपयोगी पडेल.

परीक्षेचा_घोडा

माझा पेपर पुढच्या महिन्यात आहे म्हणून विचारतो. आमच्या प्रश्नांत एक ओळ असते: उभारणीच्या काळात उत्पादन बंद राहिल्याने अमुक रकमेचं नुकसान होईल. आम्ही ती रक्कम करानंतरची करून वर्ष शून्यमध्ये उणे लिहितो. बरोबर ना? आणि करबचत शून्यात लिहायची की वर्ष एकमध्ये?

बारा_महिने_बजेट

पेपरसाठी पद्धत बरोबर आहे. करबचत कधी धरायची ते प्रश्नात दिलेलं असतं. नसेल तर गृहीत धरून तसं लिहा, गुण जात नाहीत. फक्त 'नुकसान' म्हणजे विक्री, कॉन्ट्रिब्युशन की करानंतरची रक्कम, एवढं तपासा. रक्कम आधीच करानंतरची असली तर पुन्हा कर काढू नका.

कारखान्यात मात्र ती एक ओळ कुणी आयती देत नाही. ती बांधावी लागते, आणि पाटी_पेन्सिल तिथेच अडकले आहेत.

तिसरी_पाळी

मी विचारते. तुमच्याकडे वर्षातून एकदा शटडाउन असतो का? हॉलमधली हवेची पाइप आणि मेन पॅनेल दोन्ही लाइनना एकच असेल तर एक दिवस तरी सगळंच बंद होतं. दुसरी लाइनसुद्धा. ते तुमच्या १८ दिवसांत धरलंय का?

पाटी_पेन्सिल

पॅनेल एकच आहे. पण दर वर्षी एक आठवडा, म्हणजे कामाचे ६ दिवस, अख्खा हॉल देखभालीसाठी बंद असतो. यंदा तो आठवडा उभारणीतच बसवायचं ठरलं आहे. पॅनेलचं काम तेव्हाच होईल, त्यामुळे दुसरी लाइन वेगळी थांबणार नाही.

बारा_महिने_बजेट

ही माहिती तिसऱ्या ओळीत यायला हवी होती, महाराज! नवीन लाइन घेतली नसती तरी ते ६ दिवस बंदच असते. ते नुकसान प्रकल्पाचं नाही. प्रकल्पामुळे जादा बंद राहतात ते १२ दिवस, म्हणजे १८,००० खोकी.

आता पुढचा प्रश्न. उत्पादन थांबलं म्हणजे विक्री थांबलीच असं नाही. गोदामात साठा असतो, दुसरी लाइन असते, थांबायला तयार असलेले ग्राहक असतात. बुडालेलं उत्पादन आणि बुडालेली विक्री या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पैसा विक्रीने येतो. दुसरी लाइन जास्त वेळ चालवून आधी साठा करता येईल का? आणि माल मिळाला नाही तर तुमचे वितरक काय करतील?

दुकान_ते_दुकान

मी विक्रीतला माणूस आहे, म्हणून शेवटच्या प्रश्नावर बोलतो. वितरक थांबतो की नाही हे त्याच्याकडे किती साठा आहे त्यावर ठरतं. पंधरा दिवसांचा माल पडून असेल तर बारा दिवसांची टंचाई तो निभावून नेतो आणि पुढच्या महिन्यात मोठी ऑर्डर देतो. ती विक्री उशिरा होते, बुडत नाही. पण दुकानातला शेल्फ रिकामा झाला तर गिऱ्हाईक दुसऱ्याची बाटली उचलतं. साबण आहे, औषध नाही. तो महिना कायमचा गेला. वर एखाद्या मोठ्या साखळी दुकानाशी करार असेल तर पुरवठा कमी पडल्याचा दंड वेगळा लागतो. तो खरा रोख खर्च आहे, त्यावरून वाद घालायलाही जागा नाही.

पाटी_पेन्सिल

चार दिवस फोनाफोनी केली. दुसरी लाइन ओव्हरटाइमवर दिवसाला ३०० खोकी जादा भरू शकते. चार आठवडे आधी सुरू केलं तर २४ दिवसांत ७,२०० खोकी. ओव्हरटाइमचे जादा २५ आणि भाड्याच्या गोदामाचे ५, म्हणजे खोक्यामागे ३० जास्त. याहून जास्त साठवायला जागा नाही. उरलेल्या १०,८०० पैकी ३,६०० ची विक्री वितरक पुढच्या महिन्यात भरून काढतील असं विक्रीप्रमुख म्हणतात. दंडाचं कलम असलेला करार आमच्याकडे नाही.

बारा_महिने_बजेट

छान, आता आकडा आकार घेतोय.

साठवलेल्या ७,२०० खोक्यांवर कॉन्ट्रिब्युशन बुडत नाही, फक्त ३० जास्त जातात: २.१६ लाख. पुढे ढकललेल्या ३,६०० चे पैसे महिनाभराने येतात. वर्षाच्या मॉडेलमध्ये तो फरक दिसतही नाही, सोडून द्या. खरोखर बुडाली ती ७,२०० खोकी, गुणिले १४०, १०.०८ लाख. बेरीज १२.२४ लाख. कर २५ टक्के धरला तर करानंतर ९.१८ लाख.

म्हणजे १३५ नाही, शून्यही नाही, जेमतेम ९. तुमचा १८ लाखांचा एनपीव्ही ९ वर येतो. प्रकल्प अजून उभा आहे.

एक सावधगिरी. ढकललेली विक्री 'बुडाली नाही' म्हणायला पुढच्या महिन्यात जादा क्षमता हवी. नव्या लाइनवर ती आहे म्हणून चालून जातं. जो कारखाना चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस भरून चालतो त्याला नंतर भरून काढायला तासच शिल्लक नसतात. तिथे ढकललेलं खोकंही बुडालेलंच.

अडथळा_शोधक

याची उलटी बाजूही आहे. तुमच्याकडे साबण ढवळायच्या टाक्या किती माल देतात? टाकीच अपुरी पडत असेल आणि लाइन वाट बघत बसत असेल, तर लाइन बंद राहिल्याने १,५०० बुडतच नाहीत. आमच्याकडे एकदा असंच झालं होतं. पॅकिंग यंत्र आठवडाभर बंद, सगळे डोक्याला हात लावून. नंतर पाहिलं तर भट्टीचा माल तेवढ्यात साठून राहिला आणि यंत्र सुरू झाल्यावर तीन दिवसांत सगळा पॅक झाला. नुकसान जवळजवळ नाहीच. जे यंत्र गळा आवळतं त्याचा तास महाग, बाकीच्यांचा स्वस्त.

पाटी_पेन्सिल

टाक्यांना पुरेशी जागा आहे. आमच्याकडे फिलिंगच गळा आवळतं, म्हणून तर नवीन लाइन.

तिसरी_पाळी

एक विचारू? सगळे १८ दिवसच का मोजताय? एकोणिसाव्या दिवशी काय होणार असं वाटतं तुम्हाला?

मी चार लाइनी उभ्या राहताना पाहिल्यात. कंत्राटदार 'यांत्रिक काम पूर्ण'च्या कागदावर सही घेतो, फोटो काढतो, पेढे वाटतो. दुसऱ्या दिवशी टोपण वाकडं बसतं, लेबल सुरकुततं, सेन्सर बाटली नसतानाही 'आहे' म्हणतो. नव्या लाइनचा वेग कागदावर २,४०० खोकी असेल, पण पहिल्या आठवड्यात दिवसाला ५०० निघाली तरी आम्ही खूश असतो. दुसऱ्या आठवड्यात १,२००. जुनीइतकं उत्पादन तिसऱ्या आठवड्यात कुठे येतं. आणि ट्रायलमध्ये हजारो बाटल्या-टोपणं कचऱ्यात जातात. आतलं लिक्विड टाकीत परत ओतता येतं, बाटली-टोपण नाही.

तुमचे ५५ लाख कधीपासून धरलेत? एकोणिसाव्या दिवसापासून पूर्ण वेगाने?

पाटी_पेन्सिल

...हो. पहिल्या दिवसापासून २,४००.

बारा_महिने_बजेट

ताई, हे माझ्याकडून राहिलं होतं. मान्य.

आकडे मांडतो. पहिल्या आठवड्यात जुन्या लाइनपेक्षा रोज १,००० खोकी कमी, सहा दिवसांत ६,०००. दुसऱ्यात रोज ३०० कमी, म्हणजे १,८००. मिळून ७,८००, गुणिले १४०, १०.९२ लाख. आणि आधीचा साठा तेव्हा संपलेला असणार, कारण तो बंद काळात वापरला. ट्रायलचं पॅकिंग साहित्य तुमच्या दराने दीड लाख धरू. बेरीज १२.४२, करानंतर साधारण ९.३ लाख.

आता वजा करा. १८.२६ मधून ९.१८ गेले, ९.०८ उरले. त्यातून ९.३ गेले. एनपीव्ही उणे २० हजारांच्या आसपास. प्रकल्प नेमका शून्यावर टेकला.

आणि पाहा, बंद काळाइतकंच नुकसान चालू काळात आहे. लाइन फिरतेय, दिवा हिरवा आहे, म्हणून ते कुणाला दिसत नाही.

हिशेब अजूनही सौम्यच धरलाय. नवी लाइन १,५०० आणि २,४०० च्या मध्ये जितके आठवडे रेंगाळेल तितकी ५५ लाखांतलीही कपात होईल. ती मी अजून मोजलेली नाही.

खतावणीकर

हे ट्रायलचं साहित्य तरी यंत्राच्या किमतीत जाईल ना? तपासणीचा खर्च आहे तो.

बारा_महिने_बजेट

हो, यंत्र नीट चालतं की नाही हे तपासण्याचा खर्च किमतीत जातो, तिथे तुम्ही बरोबर आहात. मग त्या दीड लाखाची करबचत घसाऱ्यातून हळूहळू येईल, मी धरली तशी एकदम नाही. फरक काही हजारांचा. पण ट्रायलमध्ये चांगल्या निघालेल्या बाटल्या विकल्या तर ते पैसे आता यंत्राच्या किमतीतून वजा करता येत नाहीत, सरळ नफा-तोट्यात जातात. आयएएस १६ मधला हा बदल २०२२ पासून लागू आहे.

हिरवी_शाई

मी परीक्षणाच्या बाजूचा माणूस, म्हणून उलट बाजूने एक धोका सांगतो. हे नुकसान दोनदा धरलेली शीट मी जास्त वेळा पाहिली आहे, न धरलेली कमी.

होतं असं. उत्पादनाचा माणूस पहिल्या वर्षाचा अंदाज देताना आपल्या मनाने उभारणीचे दिवस वगळतो. ५२ ऐवजी ४९ आठवडे धरतो, कुणाला सांगत नाही. त्या कमी आकड्यातून पहिल्या वर्षाची जादा रोकड निघते. मग फायनान्सचा माणूस वर्ष शून्यमध्ये 'बुडालेलं उत्पादन' अशी स्वतंत्र ओळ टाकतो. दोघेही प्रामाणिक, पण एकच खड्डा दोनदा भरला जातो.

ओळखायची खूण सोपी आहे. पहिल्या वर्षाची खोकी भागिले दिवसाचा वेग. उत्तर ३०० दिवस आलं तर बंद काळ वगळलेला नाही. २८० च्या आसपास आलं तर कुणीतरी आधीच कात्री लावली आहे. पाटी_पेन्सिल, तुमचे किती येतात?

पाटी_पेन्सिल

आत्ताच काढलं. नव्या लाइनची पहिल्या वर्षाची खोकी भागिले २,४००, बरोबर ३०६. पुढच्या चारही वर्षांत तेच. वार्षिक शटडाउनचे सहा दिवस आधीच वगळलेत, उभारणीचे नाहीत. म्हणजे दोनदा धरलेलं नाही.

हिरवी_शाई

मग ठीक. पण शीटवर तसं लिहून ठेवा: 'पहिल्या वर्षाच्या अंदाजात उभारणीचा बंद काळ धरलेला नाही, तो स्वतंत्र ओळीत आहे.' पुढच्या वर्षी तुमच्या खुर्चीवर दुसरा कुणी असेल, तो 'दुरुस्ती' करून टाकेल.

परीक्षेचा_घोडा

स्वतंत्र ओळ दाखवायची की वर्षाच्या आकड्यातच मिसळायची? उत्तर तर तेच येतं.

हिरवी_शाई

उत्तर तेच, पण मिसळलेली ओळ नंतर कुणाला तपासता येत नाही. प्रकल्प संपल्यावर १८ दिवसांचे २६ झाले तर ते कुठे दिसणार?

अडथळा_शोधक

१८ चे २६ होणारच असं धरून चाला. आकड्यात धरा की वेगळ्या शक्यतेत, एवढाच प्रश्न.

बारा_महिने_बजेट

मी वेगळं ठेवतो. मूळ अंदाजात सगळ्यात संभाव्य दिवस, आणि बाजूला 'दर जादा दिवसाला किती' हा एक आकडा. इथे दिवसाला १,५०० खोकी, साठा आधीच संपलेला, म्हणून १४० ने २.१ लाख, करानंतर सुमारे १.६ लाख. आठ दिवस लांबलं तर साडेबारा लाख. कंत्राटदाराशी उशिराच्या दंडाची बोलणी करताना हाच आकडा खिशात ठेवा. तो जर दिवसाला २० हजार दंड मान्य करत असेल, तर उरलेला धोका कुणाचा ते कळतं.

अडथळा_शोधक

माझा अनुभव वेगळा आहे. बाजूला ठेवलेला आकडा बैठकीत कुणी उघडून बघत नाही. मी सरळ मूळ अंदाजातच २४ दिवस लिहितो. यावर आपलं जमणार नाही, राहू दे.

तिसरी_पाळी

पैशांवर इतकं बोलून झालं, आता कुणीतरी विचारा की लाइन बंद ठेवायलाच हवी का? जुनी आधी उपटायची हे कुणी ठरवलं? नवी शेजारी उभी करा, जुनी चालू ठेवा, ट्रायल तिथेच संपवा, आणि तुमच्या वार्षिक शटडाउनच्या आठवड्यात पाइप आणि कन्व्हेयर वळवा. जोडणी बदलायला चार दिवस पुरतात.

पाटी_पेन्सिल

जागा नाही, ताई. शेजारच्या बेमध्ये तयार माल ठेवतात.

तिसरी_पाळी

म्हणजे जागा आहे, तिथे माल आहे. माल बाहेर हलवायला आणि तात्पुरता कन्व्हेयर, पाइप टाकायला किती लागतील?

पाटी_पेन्सिल

उत्पादनाच्या साहेबांना विचारलं. गोदामाचं भाडं, तात्पुरता कन्व्हेयर आणि पाइप मिळून सुमारे ६ लाख म्हणतात. त्यांनी ते आधीच नाकारलं होतं, 'प्रकल्पाचा खर्च वाढतो' म्हणून.

बारा_महिने_बजेट

हे कारण ऐकून हसू येतंय. ६ लाख दिसले कारण त्यांचं बिल येतं. बंद काळाचे १२.२४ आणि अडखळत्या सुरुवातीचे १०.९२, मिळून २३ लाखांहून जास्त. ते दिसले नाहीत, कारण त्यांचं बिल कुणी पाठवत नाही.

शेजारी उभी केली तर चार दिवस वार्षिक शटडाउनमध्येच बसतात, म्हणजे प्रकल्पामुळे जादा बंद काही नाही. ओव्हरटाइमही नको. नवी लाइन अडखळत असताना जुनी १,५०० देत राहते. ट्रायलचे दीड लाख तेवढे राहतात. करापूर्वी २३.१६ वाचतात, ६ जातात. एनपीव्ही परत बारा-तेरा लाखांवर.

दुकान_ते_दुकान

आणि वितरकांना काही सांगावं लागत नाही. त्या ३,६०० खोक्यांबद्दल मला शंका होतीच. विक्रीप्रमुख 'भरून काढू' म्हणतात तेव्हा मी अर्ध्यावर विश्वास ठेवतो.

अडथळा_शोधक

घाई नको. तयार मालाच्या बेची फरशी फिलिंग लाइनचं वजन आणि कंप सोसेल का? तिथे सांडपाण्याची नाली आहे का? साबणाची लाइन रोज धुतली जाते. नाली खणायची तर ६ चे किती होतील कुणास ठाऊक. शिवाय नवी लाइन कायमची तिथेच राहिली तर तयार माल कायमचा बाहेर. मग गोदामाचं भाडं एकदाचं नाही, पाचही वर्षांचं.

पाटी_पेन्सिल

नाली नाही, एवढं नक्की. फरशीचं विचारायला हवं. जुनी लाइन काढल्यावर ती जागा तयार मालाला देता येईल का हेही पाहतो. तसं झालं तर भाडं काही महिन्यांचंच.

हिरवी_शाई

तसं झालं तर माल दुसऱ्यांदा हलवण्याचा खर्च आणि जुन्या जागेची डागडुजी लिहायला विसरू नका.

पाटी_पेन्सिल

सोमवारी सिव्हिलच्या माणसाला घेऊन बे दाखवतो. वरिष्ठांना मात्र आजच ९.१८ आणि ९.३ या दोन ओळी दाखवल्या. त्यांनी शून्य खोडलं. पण दुसऱ्या ओळीवर अडले आहेत: "नवी लाइन पहिल्या दिवसापासून चालेल असं पुरवठादाराने लेखी दिलंय."

तिसरी_पाळी

लेखी काय दिलंय ते नीट वाचायला सांगा. वेग रिकाम्या बाटल्यांवरचा आहे की भरलेल्या?

पाटी_पेन्सिल

पान उघडलं. 'पाण्याने भरलेल्या बाटल्यांवर.'

तिसरी_पाळी

पाण्याला फेस येत नाही हो. साबणाला येतो.